नऊ नंबर टेबलावरचा राग

चिडण्याबद्दल रंगनाथला वेगळा पगार नव्हता. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हक्कानं चिडायला मिळतं, तेही साहेबांच्या परवानगीनं आणि कुणाचं काही न बिघडता, यावर तो इतका खूश असायचा की आदल्या दिवसापासून घरात आरशासमोर भुवया चढवून बघायचा. बायको म्हणायची, माझ्यासमोर नका करू, मला खरं वाटतं.

नाशकात मुंबई नाक्याच्या पुढे, इंदिरानगरकडे वळायच्या आधी 'हॉटेल पिंपळगंध' आहे. रंगनाथ तिथे रेस्टॉरंटचा कॅप्टन, म्हणजे वेटर मंडळींचा म्होरक्या. वय बावन्न, त्यातली सव्वीस वर्षं याच फरशीवर. पोट थोडं सुटलेलं, मिशी काळी केलेली, आणि अंगात खोड्या इतक्या की रिसेप्शनवरची पोरं इंटरकॉम वाजला की आधी विचारायची, "रंगनाथकाका, तुम्हीच ना?" कारण एकदा त्यानं बायकी आवाजात दोनशे चार नंबरमधून बोलतोय म्हणून सांगितलं होतं, की आमच्या मांजराला शेळीचं कोमट दूध लागतं. अर्ध्या तासानं एक पोरगा पंचवटीत शेळी शोधत होता.

असा माणूस मुलाखती घ्यायला बसवायचा तर त्याला खुर्चीवर कशाला बसवायचं, टेबलावरच बसवू, असं हॉटेलच्या मोठ्या मालकांनी पूर्वी ठरवलं. तेव्हापासून पिंपळगंधची ती रीतच झाली. दुपारचं जेवण आटोपून साडेतीनला रेस्टॉरंट बंद झालं, की नऊ नंबरच्या टेबलावर रंगनाथ चिडलेलं गिऱ्हाईक होऊन बसायचा. उमेदवाराला एक प्रसंग वाचून दाखवायचे आणि सांगायचे, हा गेस्ट चिडलाय, सांभाळा. बाकी शिक्षण, अनुभव, इंग्रजी वगैरे सगळं नंतर.

रंगनाथ त्यासाठी सफारी घालायचा. हातात सोनेरी घड्याळ, टेबलावर मोठ्या गाडीची किल्ली. किल्ली पार्किंगवाल्या लखनकडून उसनी, कारण स्वतः रंगनाथ ॲक्टिव्हावर यायचा.

प्रसंग मात्र कायम एकच. बारा वर्षं झाली, तो बदलला नव्हता. एक माणूस रामकुंडावर वडिलांचं वर्षश्राद्ध करून जेवायला आलाय. बरोबर आई, बायको, लहान मुलगी. बिनकांद्या-लसणाचं जेवण सांगितलंय. तीन घास खाल्ल्यावर त्याला भाजीत कांदा सापडतो. कुणी म्हणालंच की नवीन काहीतरी द्या ना, एसी चालत नाही म्हणून चिडलेला, बुकिंग सापडत नाही म्हणून चिडलेला, तर रंगनाथ म्हणायचा, नाशकात नोकरी करायचीय ना, मग नाशकातलाच राग सांभाळू दे.

त्या दिवशी जागा एकच होती, सीनियर स्टुअर्डची, म्हणजे मुरलेल्या वेटरची. सिंहस्थ तोंडावर आलेला, रस्ते खणलेले, खोल्या आत्तापासून भरायला लागलेल्या, त्यामुळे माणूस लगेच हवा होता. बारा नंबरच्या टेबलावर दोघं जण कागद घेऊन बसले होते. एक यशोधन, मोठ्या मालकांचा मुलगा, आता तोच मॅनेजर. दुसरी आभा, चार महिन्यांपूर्वी आलेली एचआर. आभानं येताच एक चांगलं काम केलं होतं. आधी सगळं रंगनाथच्या मर्जीवर चालायचं. तिनं गुणांचा तक्ता केला. पाहुण्याचं पूर्ण ऐकलं का, माफी मागितली का, उपाय सुचवला का, वेळ सांगितली का, शेवटी पुन्हा येऊन विचारपूस केली का. प्रत्येकाला पाच, एकूण पंचवीस. तक्ता पाहून रंगनाथ म्हणाला होता, "मॅडम, मिशीला किती?"

उमेदवार तीन आले.

पहिला धवल. उंच, देखणा, बोलायला चटपटीत. रंगनाथनं चमचा ताटात आपटून "हे काय आहे?" विचारताच तो हसून म्हणाला, "सॉरी सर, किचनवाले फार निष्काळजी आहेत, मी त्यांना कितीदा सांगतो." रंगनाथला हेच हवं असायचं. त्यानं पोराला बोलता बोलता किचनवाल्यांपासून भाजीवाल्यापर्यंत आणि भाजीवाल्यापासून मालकापर्यंत नेलं. शेवटी धवलनं हे हॉटेलच मुळात बरं नाही असं कबूल केलं. आभानं मान खाली घालून सात गुण लिहिले.

दुसरा हर्षल. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, पुण्यात दीड वर्ष काम. पोरगा खरंच तयारीचा होता. हात मागे, मान किंचित झुकलेली, मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं, पाहुण्याला काय वाटलं असेल ते बोलून दाखवलं, स्वच्छ माफी मागितली. दहा मिनिटांत नवीन ताट आणतो म्हणाला, मॅनेजरला कळवतो म्हणाला, बिल लावणार नाही म्हणाला. रंगनाथनं चारही बाजूंनी चिमटे काढले, पण गडी ढळला नाही. फक्त अगदी शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "आणि सर, आमच्याकडून तुम्हाला एक कॉम्प्लिमेंटरी ब्राउनी."

रंगनाथनं विचारलं, "वडिलांच्या श्राद्धाला?"

हर्षल लाल झाला, पण तेवढंच. आभानं एकवीस गुण दिले आणि यशोधननं घड्याळ पाहिलं. जागा भरल्यातच जमा होती.

तिसरी निकिता. तिला बोलावलं होतं ते अर्जात "अनुभव दहा वर्षे" लिहिलं होतं म्हणून. आत आल्यावर कळलं की हा अनुभव पंचवटीतल्या एका यात्री निवासाच्या भोजनगृहातला आहे. वय एकतीस, माहेर सायखेड्याचं, शिक्षण बारावी, इंग्रजी मेन्यू वाचण्यापुरतं. निळी साडी, पदर खोचलेला, पायात साध्या चपला. आभानं नोकरी का सोडताय विचारलं तर तिनं सरळ सांगितलं, की यात्री निवास पाडून तिथं मोठी इमारत होतेय. या महिनाअखेर भोजनगृह बंद. दहा वर्षं वाढण्याचंच काम केलंय, दुसरं येत नाही आणि आवडतही नाही. चार ठिकाणी जाऊन आले, डिप्लोमा नाही म्हणून फाटकातूनच परत पाठवलं. इथं आतपर्यंत आले हेच लय झालं.

हे बोलताना तिच्या आवाजात केविलवाणं काही नव्हतं. एसटी चुकली तर चुकली, अशा सुरात ती बोलत होती. पण हातातली प्लास्टिकची फाइल तिनं इतकी घट्ट धरली होती, की तिच्या बोटांच्या टोकांचा रंग गेला होता. ते रंगनाथला नऊ नंबरवरूनही दिसलं. सव्वीस वर्षं माणसांच्या हातांकडे बघून बिल कोण भरणार हे ओळखणारा माणूस तो.

त्याला थोडं वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की तो आणखी खोडकर व्हायचा, ही त्याची जुनी खोड. लवकर रडवू आणि मोकळं करू, बिचारीला घरी तरी वेळेत जाता येईल, असा त्यानं मनाशी हिशेब केला.

आभानं प्रसंग वाचून दाखवला. निकितानं तो एकदा ऐकला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "चौघंही एकाच वेळी जेवायला बसलेत ना?" आभा म्हणाली, हो, तसं धरा.

रंगनाथनं सुरुवात जोरातच केली. चमचा आपटला, खुर्ची मागे सारली, उभा राहिला, ताटाकडे बोट दाखवलं. "ओ बाई. हे काय वाढलंय? कांदा आहे हा. मी काय सांगितलं होतं?"

निकिता त्याच्याकडे आली. आणि त्याच्या शेजारून पुढे निघून गेली.

रंगनाथचं बोट हवेतच राहिलं. बारा वर्षांत हजार प्रकार पाहिले होते त्यानं. कुणी रडलं होतं, कुणी पाया पडलं होतं, एकानं तर उलट शिवी दिली होती. पण त्याचं बोलणं चालू असताना त्याला ओलांडून कुणी गेलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेली, थोडी वाकली आणि त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"आजी, थांबा. हातातला घास खाली ठेवा. त्यात कांदा आहे."

तिनं त्या खुर्चीपुढचं कोरं ताट उचललं. मग शेजारच्या खुर्चीपुढचं. मग तिसरं, ते उचलताना हळू आवाजात काहीतरी बोलली, लहान मुलीशी बोलावं तसं. तिन्ही ताटं बाजूच्या ट्रॉलीवर ठेवली आणि जिथे वेटर उभा असता तिकडे मान वळवून, जणू कुणी खरंच उभं आहे अशा थाटात, सांगितलं, "आत जाऊन सांग, या भाजीचं पातेलं बंद कर. बिनकांद्याचं म्हणून आणखी कुठल्या टेबलावर गेलंय का बघ. गेलं असेल तर आधी तिथे पळ."

मग ती रंगनाथकडे आली. समोर नाही, बाजूला उभी राहिली, त्याला बसलेल्यांसमोर कमीपणा वाटणार नाही अशी.

"तुम्ही सांगितलं होतं, आम्ही चुकलो," ती म्हणाली. "बोला आता."

बोलायचं काम रंगनाथचं होतं आणि रंगनाथला शब्द सापडेना. तो त्या समोरच्या खुर्चीकडे बघत होता. बारा नंबरच्या टेबलावर यशोधननं पेन खाली ठेवलं, कारण रंगनाथ असा अडखळलेला त्यानं लहानपणापासून पाहिला नव्हता.

पण गडी जुना होता. घसा साफ करून त्यानं पुन्हा सूर पकडला. आता काय उपयोग, तीन घास पोटात गेले, वर्षभर पाळलं आणि आज तुम्ही नासवलंत, असं सगळं बोलून झालं. ती ऐकत राहिली. एकदाही "जाऊ द्या" म्हणाली नाही, "थोडाच होता" म्हणाली नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, की असं झालं तर तुमच्याकडे काय करतात ते मला ठाऊक नाही, घराघराची पद्धत वेगळी असते. गुरुजींना फोन करायचा असेल तर मागे शांत खोली आहे. तोवर तोंड धुवायला पाणी आणि चौघांना फळं आणते. तुम्ही सांगाल तेव्हाच नवीन स्वयंपाक लावू, वेगळ्या भांड्यात, पंचवीस मिनिटं लागतील. दहात होणार नाही, खोटं सांगत नाही.

रंगनाथनं फोन काढला आणि व्हिडिओ काढून सगळीकडे टाकतो म्हणाला. ही त्याची हुकमी खेळी, इथे पोरं पांढरी पडायची.

निकिता म्हणाली, "काढा की. फक्त आजींना त्यात घेऊ नका. त्यांचा आजचा दिवस वेगळा आहे."

यशोधन हसला. रंगनाथला हसू आलं नाही. त्यानं शेवटचा पत्ता टाकला. या पत्त्यावर धवल पडला होता, धवलसारखे शंभर पडले होते. तो टेबलावर हात मारून म्हणाला, "हे केलं कुणी? त्याचं नाव सांगा. आत्ता इथं उभं करा त्याला."

"नाव कळून आजींच्या तोंडातला घास परत येणार आहे का?" ती म्हणाली. "आत कोण चुकलं ते आम्ही आत बघू. तुमच्यासमोर मी उभी आहे ना. मला बोला."

रंगनाथ खाली बसला. सोनेरी घड्याळ काढून त्यानं टेबलावर ठेवलं, म्हणजे त्याच्यापुरता खेळ संपला. निकिताला बाहेर थांबायला सांगितलं. जाता जाता तिनं ट्रॉलीवरची तिन्ही ताटं परत जागच्या जागी मांडली, काट्याचमच्यांसकट.

आभानं बेरीज केली. तेरा.

ती काही दुष्ट नव्हती. तिनं एकेक रकाना समजावून सांगितला. पाहुणा बोलत असताना उमेदवार त्याच्याकडे पाठ करून गेली, म्हणून ऐकण्याचे शून्य. माफी उशिरा, म्हणून दोन. उपाय, वेळ चांगले. "मला ती आवडली," आभा म्हणाली. "पण चिडलेल्या माणसाला ओलांडून जाणं कुठल्याही प्रशिक्षणात चूकच धरतात. तो आणखी भडकतो." यशोधनलाही तसंच वाटत होतं. एकवीस आणि तेरा, त्यात डिप्लोमा नाही. त्यानं सवयीनं विचारलं, "काका, तुमचं काय?"

रंगनाथला काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेता आली असती. त्याचं अर्धं आयुष्य त्यावरच गेलं होतं. तो म्हणाला, "ती बरोबर आहे. तो माणूस भडकलाच नसता."

"हे तुम्हाला कसं माहीत? प्रसंगात तर असं काही लिहिलेलं नाही."

रंगनाथनं मिशीवरून बोट फिरवलं. दार बंद आहे ना ते पाहिलं. बाहेर त्या बाईच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते, आणि तिच्या बाजूनं बोलायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. ती त्यानं बारा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

"कारण तो प्रसंग मी रचलेला नाही," तो म्हणाला. "याच टेबलावर घडलाय. कॅप्टन मी होतो."

मग त्यानं सांगितलं. पितृपक्षातला रविवार, दारात माणसं रांगेत. त्या काळी ऑर्डर चिठ्ठीवर लिहायचे, कार्बन घालून. वरची प्रत स्वयंपाकघरात, खालची कॅप्टनच्या वहीत. बिनकांद्याचं असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचं हा नियम, कारण आत कांद्याची ग्रेव्ही तयारच असते, आचारी चिठ्ठी बघून हात घालतो. रंगनाथनं घाईत लिहिलं नाही. खिडकीतून ओरडून सांगितलं आणि ते तव्यांच्या आवाजात विरून गेलं. त्या माणसाला कांदा सापडला तेव्हा रंगनाथ धावत गेला. वाकला, माफी मागितली, त्याच्याकडेच बघत राहिला, तक्त्यात आहे ते सगळं केलं. तो माणूस शांत होतही आला होता. आणि मग त्यानं आईकडे पाहिलं. आई कमी ऐकू येणारी. समोर बसून ती तेच ताट खाली मान घालून निवांत जेवत होती. कुणी तिला सांगितलंच नव्हतं. ताट जवळजवळ संपलं होतं.

"तो ओरडला ना साहेब, तसं माणूस कांद्यावरून नाही ओरडत," रंगनाथ म्हणाला. "मी तिथं पाच मिनिटं उभा होतो. पाच मिनिटांत मला हात लांब करून एक ताट उचलता आलं नाही. म्हणून हा प्रश्न विचारतो मी सगळ्यांना. मॅडमना वाटतं परीक्षा घेतोय. मला खरंच कळत नव्हतं की तिथं काय करायला हवं होतं. आज कळलं."

आभानं आपल्या तक्त्याकडे पाहिलं. यशोधनला मात्र आणखी एक गोष्ट आठवत होती. तो तेव्हा कॉलेजात होता, पण बाबांनी घरी येऊन सांगितलेलं त्याला पक्कं लक्षात होतं, की चूक आचाऱ्याची होती. वहीतल्या प्रतीवर स्पष्ट लिहिलं होतं, बिनकांदा.

"ते मी नंतर लिहिलं," रंगनाथ म्हणाला. "पेननं. शिव्या पुंजानं खाल्ल्या. दिवाळीचा बोनस पण गेला त्याचा."

पुंजा म्हणजे आताचा मुख्य आचारी. यशोधननं समोरचे कागद बाजूला सारले. मग उठला, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि पुंजाला बोलावलं. पुंजा हात पुसत आला, रात्रीच्या पनीरचं काम सोडून, त्यामुळे आधीच वैतागलेला. रंगनाथनं उभं राहून त्याला तीन वाक्यांत सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांत त्यानं एवढं थोडक्यात काही सांगितलं नव्हतं.

पुंजानं ऐकलं. फडकं खांद्यावर टाकलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "माझ्याकडच्या चिठ्ठीवर बिनकांदा लिवलेलंच नव्हतं. मालकांना दाखवणार व्हतो. पण दुसऱ्या दिशी तू माझ्या डब्यात रबरी झुरळ टाकलं नाय. तिसऱ्या दिशीही नाय. म्हटलं, याला लागलंय. राहू दे." आणि दाराकडे वळत, "बोनस मात्र दे."

"देतो."

"व्याजासकट," पुंजा म्हणाला आणि पनीरकडे निघून गेला.

यशोधननं रंगनाथला बसायला सांगितलं. खोटं लिहिलेल्या चिठ्ठीबद्दल आपण उद्या वेगळं बोलू, बाबांनाही सांगावं लागेल, तेव्हा सुटका झाली असं समजू नका, असं तो गंभीरपणे म्हणाला. रंगनाथनं मान हलवली. त्यानं ते गृहीतच धरलं होतं. आता प्रश्न जागेचा, असं म्हणून यशोधन आभाकडे वळला.

आभानं खोडरबर घेतलं नाही. तेराचे तेरा राहू दिले. म्हणाली, गुण मी बदलणार नाही, नाहीतर तक्त्याला अर्थ काय. पण तक्ताच अपुरा आहे. तो एका माणसासाठी केलाय आणि टेबलावर चार माणसं आहेत. तिनं पेननं वर एक नवीन रकाना आखला, सगळ्यांच्या आधी, आणि लिहिलं, 'नुकसान थांबवलं का?' मग तिघांचे कागद पुन्हा पुढे ओढले. धवलच्या पुढे शून्य, हर्षलच्या पुढे शून्य. निकिताच्या पुढे पाच लिहिल्यावरही बेरजेत हर्षलच पुढे होता, एकवीस आणि अठरा.

"इंग्रजी तिला शिकवता येईल," आभा म्हणाली. "टॅबवर ऑर्डर घेणं आठवड्यात येईल. हर्षलला ताट उचलायला शिकवता येईल का?"

"येईलही," यशोधन म्हणाला. "पण त्याला पुण्यात नोकरी आहे. हिला नऊ दिवसांनी नाही." मग त्यालाच ते पटलं नाही. "नाही, दया म्हणून नको. सिंहस्थात रोज हे असंच होणार आहे आपल्याकडे. रामकुंडावरून आलेली माणसं. मला ती त्या फरशीवर हवीय."

हर्षलचा नंबर ठेवून घेतला, दिवाळीत बँक्वेट हॉल सुरू झाला की बोलावू म्हणून. निकिताला आत बोलावलं. ती आली ती उत्तर ठरवूनच आली असावी, कारण यशोधन बोलायच्या आधीच तिनं फाइल काखेत घेतली आणि नमस्कारासाठी हात मोकळे केले. यशोधननं सांगितलं, तीन महिने कच्ची नेमणूक, मग कायम. सकाळची पाळी, गणवेश हॉटेलचा, एक तारखेपासून.

तिला पटकन कळलं नाही. तिनं आभाकडे पाहिलं. आभानं मान डोलावली. निकितानं काखेतली फाइल पुन्हा हातात घेतली आणि म्हणाली, की तीस तारखेला संध्याकाळी यात्री निवासातली शेवटची पंगत आहे. ती वाढून येईन. एक तारखेला सकाळी सहाला इथं असेन.

यशोधननं रंगनाथला तिला रेस्टॉरंट फिरवून दाखवायला सांगितलं. रंगनाथनं दाखवलं. कुठलं टेबल वाऱ्याचं, कुठल्या टेबलावर नेहमी नवराबायको भांडतात, टॅब कसा अडकतो आणि अडकला की कुणाच्या पाठीत धपाटा घालायचा. बोलता बोलता त्याची गाडी रुळावर येत होती. बिनकांद्याचं बटण दाखवताना तो म्हणाला, हे दाबल्याशिवाय ऑर्डर पुढेच जात नाही, मशीन विचारतंच. निकितानं ते बटण दोनदा दाबून पाहिलं.

मग ती नऊ नंबरपाशी थांबली.

"सर, एक विचारू? मगाशी तुम्ही त्या खुर्चीकडे बघत होता. नाटकात कुणी असं बघत नाय."

रंगनाथला एखादी थाप मारता आली असती. दोन-तीन तर जिभेवर तयारच होत्या.

"नाटक नव्हतं," तो म्हणाला.

"मग त्या आजी पुढे जेवल्या का काही? का तशाच गेल्या?"

रंगनाथनं आठवून पाहिलं. मुलाचा चेहरा त्याला आजही शिरेशिरेसकट आठवत होता, त्याच्या शर्टाचा रंग आठवत होता, मालकांचा आवाज आठवत होता. आजी कशा उठल्या, कुणी त्यांचा हात धरला, त्यांनी पाणी घेतलं की नाही, यातलं त्याला काहीच आठवेना.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

निकितानं मान हलवली. रागानं नाही, समजुतीनंही नाही. दहा वर्षं पंगतीत वाढणाऱ्या बाईनं एक नोंद घेतली, एवढंच. मग तिनं त्या खुर्चीसमोरचा पाण्याचा ग्लास उचलला, उजेडात धरला, कडेला लागलेला बोटाचा ठसा पदरानं पुसायला निघाली आणि थांबली.

"इथं ग्लास कशानं पुसतात, सर?"

रंगनाथनं सफारीच्या खिशातला स्वतःचा स्वच्छ नॅपकिन काढून तिच्या हातात दिला. एरवी नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी चिंच लावलेला नॅपकिन द्यायचा.